‘सौजन्याने वागू’ एवढ्यावर सही करू नका

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या शाखेत रोखपाल आहे. शेजारच्या टेबलावरील क्लार्क मॅडम माझ्याहून सात वर्षांनी ज्येष्ठ आहेत आणि आमचे बरेच महिने बिनसले होते. एका बाजाराच्या दिवशी माझी कॅश दोन हजारांनी कमी आली, तेव्हा त्या भर काउंटरवर सभासदांसमोर म्हणाल्या, “यांच्या हाताला हिशोबच लागत नाही.” दुसऱ्या दिवशी सापडले, की हजार रुपयांचे एक नावे व्हाउचर कॉम्प्युटरला जमेला पडले होते आणि ती नोंद त्यांचीच होती. त्या दिवसापासून मी बोलणे बंद केले. व्हाउचर शिपायाच्या हातून मागवू-पाठवू लागले. त्यांनी रात्री शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे टाकले. शेवटी शाखाधिकाऱ्यांनी मुख्य कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना मध्यस्थ म्हणून बोलावले. दोन बैठका झाल्या आणि दोघींचे मन बरेच मोकळे झाले. आता शाखाधिकाऱ्यांनी सहीसाठी हा मजकूर पुढे ठेवला आहे : “आम्ही दोघी यापुढे एकमेकींशी सौजन्याने वागू, एकमेकींचा आदर राखू, जुने वाद उकरून काढणार नाही व याबाबत कोठेही तक्रार करणार नाही. याचा भंग झाल्यास संस्था देईल ती शिक्षा आम्हांस मान्य राहील.” हे स्टॅम्प पेपरवर करायचे, असेही चालले आहे. सही करावी का? आणि हा कागद माझ्या फाइलला लागला तर?

उत्तर : लेखी समझोता जरूर करा, परंतु हा मजकूर जसाच्या तसा स्वीकारू नका. दोन बैठकांत जे साधले ते टिकवायचे असेल तर कागद हवाच, कारण तोंडी ठरलेल्या गोष्टी दोघींच्या स्मरणात महिन्याभरात दोन वेगवेगळी रूपे घेतात. मात्र जो कागद तुमच्यापुढे आला आहे त्याच्या पूर्वार्धात पाळण्याजोगे नेमके काही नाही आणि उत्तरार्धात तुम्ही दोघींनी देऊ नये असे बरेच काही आहे. म्हणून मी शेवटाकडून सुरुवात करतो.

“संस्था देईल ती शिक्षा मान्य राहील” हे वाक्य प्रथम काढून टाकायला सांगा. कोणत्याही संस्थेच्या सेवानियमांत कर्मचाऱ्यावर कारवाई करण्याचा एक क्रम असतो : आरोप लेखी कळवायचा, खुलासा मागायचा, खुलासा समाधानकारक नसेल तर चौकशी करायची, त्या चौकशीत कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडू द्यायची आणि मग निर्णय द्यायचा. या वाक्यावर सही केल्याने तो क्रम कायद्याच्या दृष्टीने संपतो असे नाही, परंतु उद्या कोणी म्हणाले की यांनी समझोत्याचा भंग केला, तर चौकशीची गरजच काय, यांनी आधीच लिहून दिले आहे, असा युक्तिवाद करायला हा कागद हाताशी राहतो. शिवाय भंग झाला की नाही हे कोण ठरवणार, याचा त्यात उल्लेखच नाही. मध्यस्थीतून निघालेला समझोता आणि शिस्तभंगाची कारवाई या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गाठ एका वाक्यात मारून घेणे हे शाखाधिकाऱ्यांच्या सोयीचे असले तरी तुम्हां दोघींपैकी कोणाच्याही हिताचे नाही. त्या जागी एवढेच लिहावे : “या समझोत्यामुळे संस्थेच्या सेवानियमांत बदल होत नाही आणि दोघींचे त्यांखालील हक्क कायम राहतात.”

“कोठेही तक्रार करणार नाही” याबद्दलही तसेच. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम २८ असे सांगते, की एखाद्या पक्षाला करारातील आपले हक्क नेहमीच्या न्यायालयीन मार्गाने बजावण्यास पूर्ण मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तेव्हा एवढी सरसकट बंदी कायद्याच्या कसोटीवर टिकणारी नाही; पण ती कागदावर राहिली तर पुढे खरोखरच तक्रारीची वेळ आली असता तुमचा हात आखडेल आणि समोरच्याला वाटेल की तुम्ही शब्द मोडला. मध्यस्थांना बहुधा एवढेच अभिप्रेत असावे, की लहानसहान गोष्टी थेट मुख्य कार्यालयाकडे नेण्याआधी शाखेतच बोलाव्यात. तसे असेल तर तसेच लिहावे. ते कसे लिहायचे, हे पुढे भंगाच्या कलमात येईलच.

आता पूर्वार्ध. सौजन्य आणि आदर हे शब्द वाईट नाहीत, पण कलमाची परीक्षा एकच असते : शाखेत त्या दिवशी हजर असलेला तिसरा माणूस, समजा तुमचा शिपाई, केवळ पाहून व ऐकून सांगू शकेल का, की हे पाळले गेले किंवा मोडले गेले? “आदर राखला नाही” हे तो सांगू शकणार नाही. “सभासद काउंटरवर उभे असताना मॅडम कॅशच्या फरकाबद्दल बोलल्या” हे सांगू शकेल. म्हणून प्रत्येक कलमात कोण, कोठे, केव्हा आणि काय करणार हे यायला हवे, आणि शक्यतो काय करणार नाही यापेक्षा त्या जागी काय करणार हे यायला हवे. नुसती मनाई लिहिली की माणूस टोमणा न मारता नुसते बघून जातो, आणि त्याबद्दलही भांडण होते.

तुमच्या प्रकरणात सगळ्याचे मूळ कॅशच्या फरकात आहे, तेव्हा सर्वांत जास्त शाई त्यावर खर्ची घाला. कॅश कमी आली की पहिला संशय रोखपालावर जातो, कारण नोटा तिच्या हातात असतात. प्रत्यक्षात फरक नोटांत जितक्या वेळा असतो तितक्याच सहजपणे तो नोंदीत असू शकतो. तुमचेच उदाहरण पाहा. हजार रुपये खातेदाराला दिले गेले, म्हणजे पेटीतून हजार कमी झाले. कॉम्प्युटरला मात्र ते जमेला पडले, म्हणजे पुस्तकातील शिल्लक हजाराने वाढली. पेटी आणि पुस्तक यांत दोन हजारांचे अंतर पडले ते असे. जुने हिशोबनीस फरक दिसताच प्रथम त्याची निम्मी रक्कम काढतात आणि तेवढ्या रकमेचे व्हाउचर शोधतात, ते याच कारणासाठी. तसे सापडले नाही तर फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतात, कारण ५४० च्या जागी ४५० असे आकडे उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. तेही नसेल तर पूर्ण फरकाएवढी एखादी नोंद राहून गेली आहे का ते बघतात, आणि मग नोटांच्या गड्ड्या पुन्हा मोजायला घेतात. हे सर्व मिळून फार वेळ लागत नाही, पण त्यासाठी नोंद करणारी आणि नोटा मोजणारी अशा दोघींनी एकाच टेबलावर बसावे लागते. त्या दिवशी तुम्ही दोघी बसला असतात तर वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच व्हाउचर सापडले असते.

म्हणून कलम असे असावे : “दिवसअखेर रोख शिल्लक व कॉम्प्युटरची शिल्लक यांत फरक आल्यास रोखपाल तो प्रथम फक्त क्लार्क व शाखाधिकारी यांना सांगतील. काउंटर बंद झाल्यावर दोघी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसून क्लार्क व्हाउचर वाचतील व रोखपाल आपल्या नोंदवहीशी ताडून पाहतील. त्यानंतर रोखपाल रोकड एकदा पुन्हा मोजतील व क्लार्क ती मोजणी पाहतील. फरकाचे कारण न सापडल्यास त्याची रक्कम व तपासलेल्या बाबी फरक नोंदवहीत लिहून दोघी व शाखाधिकारी सही करतील. फरकाचे कारण निश्चित होईपर्यंत त्याविषयी कोणीही सभासद, दैनिक ठेव प्रतिनिधी अथवा इतर कर्मचारी यांच्यासमोर बोलणार नाही. आणि कारण निश्चित झाल्यावर ते ज्यांना फरक माहीत झाला होता त्या सर्वांना शाखाधिकारी सांगतील.” यातील शेवटचे अर्धवाक्य सोडू नका. तुमची खरी जखम तिथे आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते : कॅश कमी आल्याचे साऱ्या शाखेने ऐकले, चूक नोंदीत होती हे मात्र बहुधा दोन-तीन माणसांनाच कळले. कलमात दैनिक ठेव प्रतिनिधी मुद्दाम घातले आहेत, कारण पिग्मीची रक्कम भरायला ते नेमके काउंटर बंद होण्याच्या सुमारास येतात आणि शाखेतील गोष्ट गावभर व्हायला त्यांच्याइतके जवळचे वाहन दुसरे नाही. (त्यांचा दोष नाही, दारोदार जाणे हे त्यांचे कामच आहे.)

आता तुमच्या बाजूचे. मध्यस्थीनंतरचा कागद एकीनेच पाळायचा असला की तो माफीनामा होतो, आणि माफीनाम्यावर सही करणारी व्यक्ती तो पहिल्या संधीला विसरते. क्लार्क मॅडमनी जी बंधने स्वीकारायची त्यांच्या तोलाचे काहीतरी तुम्हीही द्यायला हवे, आणि ते काय हे तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिले आहे. बोलणे बंद करणे हे घरी चालते. जिथे एकीने नोंदवलेल्या व्हाउचरवर दुसरीने रक्कम द्यायची असते तिथे अबोला हा कामातला अडथळा असतो, आणि शिपायामार्फत व्हाउचर फिरवण्यात एखादे गहाळ झाले तर जबाबदारी कोणाची, हा नवा वाद तयार होतो. तेव्हा तुमचे कलम : “रोखपाल व क्लार्क कामासंबंधी एकमेकींशी थेट बोलतील. व्हाउचर दोघींच्या टेबलांमधील ठरलेल्या ट्रेमध्ये ठेवली जातील व तेथूनच उचलली जातील. एकीने कामासंबंधी प्रश्न विचारल्यास दुसरी त्याच वेळी, आणि काउंटरवर गर्दी असल्यास गर्दी ओसरताच, उत्तर देईल.” येथे ‘कामासंबंधी’ हा शब्द दोन्ही ठिकाणी राहू द्या. सकाळी हसून नमस्कार करणे, दुपारी एकत्र डबा खाणे, एकमेकींच्या घरच्या हळदीकुंकवाला जाणे, यांतले काहीही कागदात येता कामा नये. ते आपोआप झाले तर उत्तम. कलमात घातले तर न हसणे हाही भंग ठरू लागेल.

व्हॉट्सॲपचे कलम छोटे ठेवा. शाखेच्या ग्रुपवर फक्त सूचना, रजा आणि वेळापत्रक एवढेच टाकायचे. एकमेकींच्या कामातील चूक, नाव घेऊन किंवा न घेता, ग्रुपवर किंवा स्टेटसवर लिहायची नाही. चूक दाखवायची असेल तर प्रत्यक्ष सांगायची. “नाव न घेता” हे शब्द आवर्जून घाला, कारण ‘काही लोकांना’ अशी सुरुवात असलेला सुविचार कोणासाठी आहे हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला कळते आणि विचारले तर कोणासाठीच नसतो.

यापुढचा मुद्दा मध्यस्थांच्याही नजरेतून सुटला असेल तर नवल नाही, कारण बैठकीत माणसे बोलतात आणि टेबले बोलत नाहीत. फरक बाजाराच्या दिवशी आला, हे तुम्ही सहज लिहिले आहे. मला ते महत्त्वाचे वाटते. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेले सभासद एकदम गर्दी करतात, क्लार्क दहा-बारा व्हाउचर एकत्र नोंदवून पुढे सरकवते, रोखपाल खिडकीतल्या माणसांच्या घाईत ती भराभर उरकते, आणि त्या ढिगात नावे-जमेची अदलाबदल कोणाच्याच लक्षात येत नाही. तुमच्या शाखेत असेच होत असेल, तर दोन अत्यंत सुस्वभावी माणसे त्या टेबलांवर बसवली तरी वर्षभरात त्यांचेही बिनसेल. म्हणून समझोत्यात शाखाधिकाऱ्यांनीही काही कबूल केले पाहिजे आणि त्याखाली त्यांचीही सही हवी. उदाहरणार्थ, बाजाराच्या दिवशी एका वेळी पाचपेक्षा जास्त व्हाउचर पुढे सरकवायची नाहीत, दुपारी ठरलेल्या वेळी काउंटर दहा मिनिटे थांबवून अर्ध्या दिवसाचा मेळ घ्यायचा, आणि त्या वेळी सभासदांना थांबवण्याची जबाबदारी शाखाधिकाऱ्यांची. दुपारी एकदा मेळ घेतला असला की संध्याकाळी फरक आलाच तरी निम्मीच व्हाउचर तपासावी लागतात. शाखाधिकारी या कलमाला नाखूष असतील तर समजावे, की त्यांना समझोता दोघींकडूनच हवा आहे. अशा वेळी मध्यस्थ साहेबांनी हा मुद्दा मांडणे अधिक बरे.

“जुने वाद उकरून काढणार नाही” याला माझा विरोध नाही, पण त्याची मर्यादा लिहावी लागेल. त्या दिवसाचा उल्लेख सभासद व सहकारी यांच्यासमोर करायचा नाही, हे योग्य आहे. परंतु तोच प्रकार पुन्हा घडला आणि शाखाधिकाऱ्यांनी किंवा चौकशी अधिकाऱ्याने विचारले, तर पूर्वी काय घडले हे सांगण्याची मोकळीक दोघींनाही असली पाहिजे. त्याचबरोबर बैठकांत दोघींनी जे मन मोकळे केले, त्यातले एक अक्षरही समझोत्यात किंवा नंतरच्या कोणत्याही अर्जात येणार नाही आणि मध्यस्थांना त्याबद्दल साक्षीला बोलावले जाणार नाही, हेही लिहा. मोकळेपणाने बोललेले उद्या आपल्यावरच उलटणार असेल, तर पुढच्या वेळी शाखेत कोणी मध्यस्थीला बसणार नाही. चूक कोणाची होती याचा निवाडाही कागदात नको. “चुकीची नोंद क्लार्ककडून झाली होती” हे वाक्य खरे असूनही तुम्ही त्याचा आग्रह धरू नका. ते घातले की मॅडम सही करणार नाहीत, किंवा करतील आणि पाळणार नाहीत.

आता ज्या कलमावाचून असे बहुतेक समझोते कोसळतात ते. पहिली चूक होणार आहे. मॅडमच्या तोंडून घाईत एखादे वाक्य जाईल, किंवा तुम्ही एखाद्या दिवशी प्रश्नाला उत्तर न देता व्हाउचर सरकवाल. त्या क्षणी कागदात पुढची पायरी लिहिलेली नसेल तर दुखावलेली बाजू दोहोंपैकी एक करते : मनात ठेवून मोजत बसते, किंवा एकदम मोठी तक्रार करते. दोन्हींत समझोता संपतो. म्हणून पायऱ्या लिहा. पहिली पायरी अशी, की जिला भंग झाल्यासारखे वाटेल तिने त्याच दिवशी, किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, काउंटर बंद झाल्यावर दुसरीला एकटीला सांगायचे, आणि कलमाचा क्रमांक व घडलेली गोष्ट एवढेच सांगायचे. दुसरीने त्या वेळी समर्थन न करता ऐकून घ्यायचे. तिला वेगळे म्हणायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सांगायचे. ही एका रात्रीची फट मला फार उपयोगाची वाटते, कारण तत्काळ दिलेले उत्तर बहुधा नव्या भांडणाचे पहिले वाक्य असते. तेच पुन्हा घडले तर शाखाधिकाऱ्यांना तारीख, वेळ आणि घटना यांची चार ओळींची चिठ्ठी द्यायची आणि त्यांनी तीन कामकाजाच्या दिवसांत दोघींना एकत्र बसवायचे. तिसऱ्या खेपेस मध्यस्थांना पुन्हा बोलवायचे. त्यानेही न मिटल्यास समझोता संपला असे दोघींपैकी कोणीही लेखी कळवू शकेल आणि नंतरचे सर्व सेवानियमांप्रमाणे. गंभीर प्रकार घडला, म्हणजे शिवीगाळ, धमकी, अंगावर धावून जाणे किंवा रकमेत खोटेपणा केल्याचा उघड आरोप, तर या पायऱ्या चढत बसण्याचे बंधन नाही, हेही एका ओळीत लिहा.

मुदतीबद्दल तुमच्या मसुद्यात एक शब्दही नाही. समझोता सहा महिन्यांचा करा. बेमुदत कागद शिक्षेसारखा डोक्यावर राहतो आणि पाच वर्षांनी, ज्यांनी तो केला ते शाखाधिकारी बदलून गेल्यावर, नव्या माणसाच्या हाती भलत्याच अर्थाने पडतो. या सहा महिन्यांत पहिला आढावा पंधरा दिवसांनी घ्या, कारण कोणते कलम प्रत्यक्षात जमत नाही हे तेवढ्यात कळते. मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. तारखा कागदातच घाला, नाहीतर आढावा होत नाही. मुदतीत मार्चअखेर येत असेल तर एक आढावा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा. वर्षअखेरची वसुली, थकबाकीच्या याद्या आणि लेखापरीक्षणाची तयारी यांमुळे शेवटच्या आठवड्यात साऱ्या शाखेचा पारा चढलेला असतो, आणि तुमची कलमे मोडायचीच असतील तर तेव्हा मोडतील. आढाव्यात विचारायचे प्रश्न दोनच : कोणते कलम पाळले गेले नाही, आणि कोणते बदलायचे? सर्वसाधारण ‘कसे चालले आहे’ विचारले की दोघी ‘ठीक’ म्हणतील.

फाइलची तुमची भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर तोंडी आश्वासनात घेऊ नका. कागदाच्या तीन प्रती काढा. एकेक तुम्हां दोघींकडे, तिसरी बंद पाकिटात शाखाधिकाऱ्यांकडे; पाकिटावर दोघींच्या सह्या. कलम असे : “हा समझोता दोघींच्या वैयक्तिक फाइलला अथवा सेवापुस्तकाला जोडला जाणार नाही, वेतनवाढ, बढती अथवा बदली यांसाठी त्याचा आधार घेतला जाणार नाही, मुदत संपल्यावर तिसरी प्रत दोघींसमोर नष्ट केली जाईल.” मुख्य कार्यालयाला कळवणे भाग असेल तर ‘वाद आपसांत मिटला’ एवढे एक वाक्य कळवावे, मजकूर पाठवू नये. आणि तुमच्या प्रतीचा फोटो तुम्हीही कोणाला पाठवू नका, माहेरीसुद्धा.

स्टॅम्प पेपरची गरज नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ करारांसाठी शंभराऐवजी पाचशे रुपयांचे मुद्रांक लागू झाले, तेव्हा ‘शंभराचा आणू’ म्हणणाऱ्यांना ते कदाचित ठाऊक नसावे. पण मुद्दा पैशांचा नाही. आपल्याकडे स्टॅम्पवर लिहिले की पक्के झाले असा समज आहे. अस्पष्ट वाक्य मात्र स्टॅम्पवरही अस्पष्टच राहते. हा व्यवहार पैशांचा किंवा मालमत्तेचा नाही, वागणुकीचा आहे, आणि तो पाळला जाईल की नाही हे पायऱ्या व आढावा यांवर ठरणार आहे. साध्या कागदावर तारीख, चौघांच्या सह्या (तुम्ही दोघी, शाखाधिकारी आणि मध्यस्थ) आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरे एवढे पुरे. सही करण्यापूर्वी मसुदा दोन रात्री घरी नेता यावा, असे दोघींच्याही वतीने मागा. घाईने घेतलेली सही नंतर ‘दबावाखाली केली’ म्हणून नाकारली जाते.

तुमच्या पत्रात तसे काही नाही, तरी इतर वाचकांसाठी एक मर्यादा सांगतो. लैंगिक छळाची तक्रार अशा कागदाने शाखेतल्या शाखेत मिटवता येत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी सुरू होण्यापूर्वी समेट होऊ शकतो, पण तो केवळ पीडित महिलेच्या विनंतीवरून आणि तक्रार समितीमार्फत. पैसे देणे हा त्या समेटाचा आधार असू शकत नाही. आणि ठरलेल्या अटी पाळल्या नाहीत तर समिती चौकशी करते. जातीवरून अपमान, मारहाण किंवा अपहार यांतही ‘यापुढे नीट वागू’ असे लिहून घेणारा शाखाधिकारी आपले काम टाळत असतो.

आता हे घडवून कसे आणायचे. तुम्ही एकटीने नवा मसुदा लिहून शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलात तर मॅडमना तो तुमचा डाव वाटेल. त्याऐवजी मध्यस्थ साहेबांना फोन करून तिसरी, अर्ध्या तासाची बैठक फक्त मजकुरासाठी मागा. तिथे कोरा कागद घेऊन बसा आणि कलमे दोघींनी आळीपाळीने सांगावीत, साहेबांनी लिहावीत. फरक नोंदवहीचे कलम मॅडमच्या तोंडून आले तर फार चांगले. नोंदीची चूक त्यांची निघाली होती, त्यामुळे त्या नोंदवहीत त्यांचेही संरक्षण आहे, हे त्यांना एका वाक्यात सांगता येईल. आणि एवढे करूनही शाखाधिकारी शेवटचे शिक्षेचे वाक्य काढायला तयार झाले नाहीत, तर कागद न फाडता व न चिडता त्या वाक्यावर आडवी रेघ मारा, रेघेशेजारी आद्याक्षरे करा, सहीच्या वर स्वतःच्या हाताने “खोडलेले वाक्य वगळून मान्य” असे लिहा, खाली तारीख घाला आणि त्याच वेळी आपली प्रत मागून घ्या.